176 नग: ऑफसेट चुकल्यानंतरचे तीन आठवडे

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी चार नंबरच्या सीएनसीवर सेटर दिवसाचा पहिला नग मोजतो. बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, 42 मिलिमीटरचा, टॉलरन्स एच-7, म्हणजे 42.000 ते 42.025 एवढीच मोकळीक. बोअर गेजचा काटा भलत्याच बाजूला जातो. तो रिंग गेजवर झिरो पुन्हा लावतो, नग पुसतो, परत मोजतो. 42.12. मग तो ऑफसेटचं, म्हणजे टूलच्या जागेत केलेल्या दुरुस्त्यांचं पान स्क्रीनवर उघडतो आणि त्याचे हात गार पडतात.

ही त्याची हकिगत. मी क्वालिटीच्या टेबलावरून ती जवळून पाहिली आणि तो हो म्हणाल्यावरच लिहितो आहे. नाव, कंपनी, पार्ट नंबर यांचा इथे उपयोग नाही. उपयोग आहे तो एवढ्याचा की अशा चुकीनंतर माणसाच्या आत काय चालतं, कुठल्या तासाला काय केलं तर नुकसान थांबतं आणि कुठल्या तासाला काय केलं तर ते वाढतं.

आधी चूक समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आदल्या दिवशी दुपारी दोन पन्नासला बोअर 42.002 आला होता. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून दहा मायक्रॉन, म्हणजे 0.010 मिलिमीटर, वाढवायचे होते. वेअरच्या, म्हणजे झिजेच्या दुरुस्तीच्या पानावर त्या टूलच्या समोर आधीच -0.120 हा आकडा होता. त्यात 0.010 मिळवून -0.110 व्हायला हवं होतं. कंट्रोलच्या स्क्रीनखाली दोन सॉफ्टकी जवळजवळ असतात, `+INPUT` आणि `INPUT`. पहिली आहे त्या आकड्यात भर घालते, दुसरी आहे तो आकडा पुसून नवा लिहिते. त्याने दुसरी दाबली. -0.120 जाऊन 0.010 आलं. म्हणजे टूल दहा नव्हे, 130 मायक्रॉन सरकलं. पुढचा नग 42.13 चा निघाला असणार, पण तो मोजला कोणी नाही. तीन वाजता शिफ्ट बदलणार होती, तो हॅण्डओव्हरला गेला. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला वाटलं, सेटर बघून गेलाय.

दुसऱ्या शिफ्टमध्ये 176 नग निघाले. प्लग गेजची गो बाजू प्रत्येक नगात जात होती, आणि जाणारच, बोअर मोठा होता. नो-गो बाजू दर दहाव्या नगाला लावायची होती. ती चांगल्या नगात जात नाही. इथे लावली असती तर सुळकन आत गेली असती. चेकशीटवर मात्र दर दहाव्या नगासमोर बरोबरची खूण होती. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या, एकाच तिरकसपणाच्या. ज्याने शॉपमध्ये काम केलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बोअर लहान राहिला तर आणखी कापता येतो. मोठा झाला की धातू परत कुठून आणणार? एका नगाचं कास्टिंग 720 रुपयांचं, पहिलं ऑपरेशन 180, हे सेटअप 250. एकूण 1,150. 176 नगांचे 2,02,400 रुपये. भंगारात प्रत्येकी 3.2 किलो, किलोला 30 रुपये धरले तर 16,896 परत येतात. निव्वळ नुकसान 1,85,504. सेटरचा पगार 26,000. त्याने सात वाजून दहा मिनिटांनी डोक्यात भागाकार केला होता: सात महिने.

आणि त्या 176 पैकी 120 नग रात्रीच पॅक होऊन, ओके टॅग लावून डिस्पॅचच्या जागेत उभे होते. साडेनऊला चाकणचा टेम्पो निघणार होता.

सात पाच ते सात चाळीस, ही पस्तीस मिनिटं या सगळ्या हकिगतीतली सर्वांत महाग. त्याने नंतर ती एकेक मिनिटाने सांगितली. पहिला विचार आला तो नगांचा नव्हता, तोंड कसं दाखवायचं हा होता. शरमेचं कामच तसं असतं. मानसशास्त्रात अपराधीपणा आणि शरम या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. अपराधीपणात माणूस म्हणतो, मी चुकीचं काम केलं, आणि त्याचा ओढा ते निस्तरण्याकडे असतो. शरमेत तो म्हणतो, मीच चुकीचा माणूस, आणि त्याचा ओढा लपण्याकडे असतो. शॉपमध्ये हे लपणं तीन रूपांत दिसतं. एक, ऑफसेट गुपचूप बरोबर करून मशीन सुरू करायची. दोन, खराब नग रोज चार-पाच करत नाकारलेल्या नगांच्या रेड बिनमध्ये मिसळायचे. तीन, काहीच करायचं नाही, दुसऱ्या कुणाला तरी सापडू द्यायचं. तिन्ही त्याच्या डोक्यात आली. पहिलं तर बोटाच्या टोकावर होतं.

पहिलं रूप सर्वांत वाईट, हे मी ठामपणे सांगतो. ऑफसेट बरोबर केला की नेमकं काय झालं याचा पुरावा जातो. मग चौकशीत स्क्रीनवर काहीच चुकीचं दिसत नाही आणि उरतो फक्त एक माणूस, ज्याच्या हाताखाली 176 नग खराब झाले. त्याने सुदैवाने उलट केलं. मशीन होल्डवर टाकली, ऑफसेटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, वहीत वेळ लिहिली, आणि शेजारच्या ट्रॉलीतल्या 56 नगांना लाल टॅग लावला. याला चार-पाच मिनिटं लागतात. हात कापत असताना हाताला ठरलेलं काम मिळतं, हाही त्याचा फायदा. डोकं चालत नसेल तेव्हा टॅगवर तारीख लिहिता येते.

बाकीची तीसएक मिनिटं गेली ती कसं सांगायचं या विचारात. सांगायचं वाक्य खरं तर फार छोटं असतं. कुठली मशीन, काय येतंय, कधीपासून, किती नग, ते आत्ता कुठे आहेत, आणि लगेच काय थांबवायचं. तो शिफ्ट इन्चार्जकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, चार नंबरचा बोअर 42.12 येतोय. काल दोन पन्नासला मी ऑफसेट दिला तेव्हापासून. एकशे शहात्तर नग आहेत, त्यातले एकशे वीस डिस्पॅचला पॅक आहेत. टेम्पो थांबवा."

यात माफी नाही, हे लक्षात घ्या. माफी मागायचीच, पण नंतर. "साहेब, माझ्याकडून फार मोठी चूक झाली, मला माफ करा" अशी सुरुवात केली की समोरचा आधी घाबरतो, मग चिडतो, मग काय झालं ते विचारतो, आणि नगांचा विषय निघेपर्यंत दहा मिनिटं जातात. शिवाय माफीने सुरुवात करणारा माणूस नकळत समोरच्याकडून धीर मागत असतो. त्या वेळी इन्चार्जकडे द्यायला धीर नसतो. त्याला आकडा हवा असतो.

टेम्पो थांबला. ते 120 नग चाकणला पोचले असते तर हिशेब वेगळा झाला असता: ग्राहकाच्या गोदामात माणसं पाठवून सगळा माल निवडायचा, त्या निवडीची डेबिट नोट, आणि एखादा नग असेंब्लीत गेला असता तर लाइन थांबल्याचा दंड. तो आकडा नगांच्या किमतीशी नातं ठेवत नाही. तेव्हा त्या सकाळच्या त्याच्या वाक्याची किंमत 1,85,504 पेक्षा जास्त होती, पण हे त्याला दिसायला तीन आठवडे लागले. वाचलेले पैसे कोणी वहीत लिहीत नाही.

मालक नऊला आले आणि ओरडले. लहान शॉपमध्ये हे व्हायचंच. कास्टिंगचे पैसे त्यांच्या खिशातून गेलेले असतात. ओरडणं चालू असताना एकच करायचं, ऐकायचं आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. त्या वेळी दिलेलं स्पष्टीकरण कितीही खरं असलं तरी सबबच वाटते. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरचं नाव त्याच्या जिभेवर होतं. त्याने ते घेतलं नाही आणि ते बरं झालं. चेकशीट टेबलावर होतीच, ती बोलली.

मग लेखी मागितलं. इथे बरेच जण फसतात. शरमेच्या भरात माणूस स्वतःच्या विरुद्ध वाटेल ते लिहून देतो. त्याच्या पहिल्या कागदावर होतं, "माझ्या पूर्ण निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले असून होणाऱ्या कारवाईस मी पात्र आहे." मी तो कागद त्याला परत दिला. निष्काळजीपणा हा निष्कर्ष आहे आणि तो चौकशीनंतर काढायचा असतो. खुलाशात फक्त जे घडलं ते लिहायचं: दोन पन्नासला बोअर 42.002 होता, 0.010 ची भर घालायची होती, `+INPUT` ऐवजी `INPUT` दाबलं गेलं, पुढचा नग मोजला नाही, सात पाचला लक्षात आलं, सात चाळीसला कळवलं. ती पस्तीस मिनिटंसुद्धा जशी होती तशी लिहायची. सहा ओळी, खाली सही आणि वेळ, एक झेरॉक्स स्वतःकडे. खोटं काही नाही, पण स्वतःला शिक्षाही नाही.

पगारातून कापतील का, ही भीती त्या दिवशी सर्वांत मोठी होती. याला नेमकं उत्तर आहे, आणि नेमकं उत्तर मिळालं की भीती पुष्कळ उतरते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नुकसानीपोटी पगार मनाला येईल तसा कापता येत नाही. नुकसान कामगाराच्या दुर्लक्षामुळे किंवा कसुरीमुळे थेट झालेलं असावं लागतं, कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि एका पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता येत नाही. शिवाय अशी कपात ताब्यात सोपवलेल्या मालाच्या किंवा हिशेब द्यायच्या पैशांच्या नुकसानीसाठी आहे. चालू मशीनवर बिघडलेला प्रत्येक नग त्यात बसतो की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. म्हणजे "सात महिने फुकट काम" हे त्याच्या डोक्यातलं चित्र कायद्यात कुठेच नव्हतं. प्रत्यक्षात त्याचा त्या महिन्याचा प्रॉडक्शन इन्सेन्टिव्ह गेला. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं मोजता येण्यासारखं होतं.

दुपारी त्याने राजीनामा द्यायचं काढलं. "तोंड दाखवायला जागा नाही, उद्यापासून येत नाही." राजीनाम्याबद्दल माझा एक साधा नियम आहे: चुकीच्या दिवशी द्यायचा नाही, पंधरा दिवसांनी द्यावासा वाटला तर जरूर द्यायचा. त्या दिवशी दिलेला राजीनामा लपण्याचाच चौथा प्रकार असतो. वर तो पाहणाऱ्याला कबुलीसारखा दिसतो.

रात्री झोप नाही. डोळे मिटले की ती सॉफ्टकी. डोक्यात चालणारा हा पिक्चर फार छोटा असतो, दहा-पंधरा सेकंदांचा. त्यात फक्त त्याचं बोट आणि ती की असते. -0.120 तिथे कुठून आलं होतं, तीनची घंटा, दुसरा ऑपरेटर, चेकशीट, यातलं काहीच नसतं. म्हणून कितीही वेळा पाहिला तरी त्यातून नवं काही कळत नाही. बोअर गेज लावलाच नाही आणि नुसतं नगाकडे बघत बसलो, तसं.

याला थांब म्हणून तो थांबत नाही. समुपदेशक एक साधी युक्ती सांगतात, ती आम्ही वापरली: विचाराला वेळ ठरवून द्यायची. रोज संध्याकाळी साडेसहा ते सहा पन्नास, घरी, खुर्चीत बसून, वही समोर. रात्री किंवा मशीनवर विचार आला की एका ओळीत तो वहीत टाकायचा आणि म्हणायचं, साडेसहाला बघू. अंथरुणात पडून हा हिशेब करायचा नाही. वीस मिनिटं झाली की उठून दुसरं काहीतरी करायचं, भाजी आणायला गेलात तरी चालेल. पहिले तीन-चार दिवस हे जमत नाही, दिवसभर ओळीच ओळी होतात. त्याच्या वहीत पहिल्या दिवशी एकतीस ओळी होत्या. आठव्या दिवशी सहा. त्यातल्या चार एकच होत्या: लोक काय म्हणत असतील.

घरी सांगितलं तिसऱ्या दिवशी. बायकोने विचारलं, "नोकरी राहिली ना?" तो हो म्हणाला. "मग जेवा आधी." तीन दिवस ती काहीतरी फार भयंकर असेल असं समजून बसली होती. न सांगितल्याने घरच्यांना काळजी कळत नाही असं नसतं. कारण कळत नाही, एवढंच.

चौथ्या दिवशी आम्ही बसलो ते जबाबदारीची वाटणी करायला. विचार-वर्तन उपचारपद्धतीत याची एक ठरलेली रीत आहे. कागदावर एक मोठं वर्तुळ काढायचं आणि घटनेला कारणीभूत झालेल्या गोष्टींची यादी करायची. प्रत्येकीला वर्तुळातला वाटा द्यायचा, आणि स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी. हा क्रम महत्त्वाचा. स्वतःपासून सुरुवात केली की माणूस सगळं वर्तुळ एकटाच खाऊन टाकतो. पहिल्या रात्री हे करू नये, तेव्हा प्रत्येक कारण सबब वाटतं. आणि फार उशिराही नको, तोवर मनात एकच गोष्ट घट्ट होऊन बसते.

सुरुवातीला त्याला विचारलं, तुझा वाटा किती? शंभर टक्के. मग यादी सुरू केली. पहिला प्रश्न मी विचारला तो मशीनचा: वेअरच्या पानावर -0.120 आलंच कसं? महिन्यापूर्वी टूल बसवताना कोणीतरी मोजमाप ढोबळ घेतलं, पहिला नग 120 मायक्रॉन मोठा निघाला, आणि ती दुरुस्ती टूलची मूळ मापं असतात त्या जॉमेट्रीच्या पानावर न करता वेअरमध्ये टाकून दिली. सोपं पडतं म्हणून सगळेच तसं करत होते. आता गंमत बघा. ती दुरुस्ती जॉमेट्रीत गेली असती तर वेअरमध्ये झिजेपुरते पाच-दहा मायक्रॉन असते. मग चुकीची की दाबली तरी बोअर पाच-दहा मायक्रॉनांनी हलला असता, 130 ने नव्हे. तेवढ्या चुकीने कदाचित एकही नग गेला नसता.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग वेअरला लिमिट का नाही लावत?" कंट्रोलमध्ये तशी सोय असते, पण ती मोठा आकडा अडवते. त्याने टाकलेला आकडा 0.010 होता, अगदी निरुपद्रवी. लिमिटने तो सोडलाच असता. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी हाच उपाय सुचवला होता.

शेवटी वाटणी अशी झाली. वेअरमध्ये मोठा आकडा ठेवायची पद्धत, वीस. नो-गो न लावता भरलेली चेकशीट, पंचवीस. शिफ्ट बदलताना शेवटचा नग कोणी मोजायचा हे कुठेच लिहिलेलं नसणं, पंधरा. उरले चाळीस. त्याचे. त्यातले वीस चुकीच्या कीचे आणि वीस पुढचा नग न मोजल्याचे.

हे आकडे शास्त्रीय नाहीत आणि ते साहेबांना दाखवायचेही नाहीत. ते दाखवले की ती वकिली होते. त्यांचा उपयोग त्याच्यापुरता. स्वतःचा वाटा पाच टक्के निघाला तर आपण स्वतःला फसवतोय, पंच्याण्णव निघाला तर नीट विचार केलेला नाही. क्वचित तो खरंच नव्वद असतो, समजून-उमजून दरवाज्याचा इंटरलॉक बायपास करून मशीन चालवली असेल तर. तिथे ही वाटणी काही हलकं करत नाही आणि करूही नये. इथे मात्र चाळीस आले, आणि चाळीसमधल्या दोन गोष्टींचं काहीतरी करता येत होतं. शंभराचं काही करता येत नाही, फक्त रडता येतं.

चौकशीच्या रिपोर्टमध्येही हेच भांडण झालं. मूळ कारणाच्या रकान्यात कोणीतरी "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपायाच्या रकान्यात "ऑपरेटरला समज दिली" लिहून ठेवलं होतं. वाहन उद्योगातला कुठलाही शहाणा ग्राहक असा रिपोर्ट परत पाठवतो, कारण समज दिल्याने पुढच्या वेळी बोट चुकणार नाही याची काहीच हमी नाही. आम्ही तो रकाना खोडला. नवे उपाय तीन: वेअरचा आकडा 0.050 च्या वर गेला की तो जॉमेट्रीत हलवून वेअर शून्य करायचं. ऑफसेट दिला त्यानेच पुढचा नग बोअर गेजने मोजून शीटवर आकडा लिहायचा, खूण नव्हे. आणि नो-गो लावणाऱ्याने त्या वेळचा काउंटरचा नंबर लिहायचा, म्हणजे सगळ्या ओळी शेवटी एकदम भरता येत नाहीत.

दुसरा आठवडा वेगळ्याच अडचणीचा निघाला. तो मशीनवर परतला, पण ऑफसेट द्यायची वेळ आली की दुसऱ्या सेटरला हाक मारायचा. "भाऊ, जरा तू टाक ना." तो टाकायचा, याला हायसं वाटायचं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी थोडी मोठी झालेली असायची. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. म्हणून पायऱ्या केल्या. दोन दिवस तो आकडा मोठ्याने म्हणणार, दुसरा उभा राहून बघणार, की हाच दाबणार. पुढचे दोन दिवस दुसरा दूर, फक्त नंतर स्क्रीन बघणार. मग एकटा. पहिल्या दिवशी की दाबताना त्याला घाम फुटला होता. तो घाम येऊ द्यायचा, तो ओसरेपर्यंत मशीनजवळच राहायचं आणि पुढचा नग मोजायचा. निघून गेलं तर पायरी चढलीच नाही असं धरायचं.

दुसरं टोक त्याहून फसवं होतं. तो आता प्रत्येक नग मोजायचा, एकेक तीन-तीनदा, आणि प्रत्येक आकड्यावर ऑफसेट द्यायचा. 42.010 आला की ठीक, 42.013 आला की तीन कमी कर, 42.008 आला की दोन वाढव. बाहेरून हे फार काळजीपूर्वक काम दिसतं. इन्चार्ज खूशही झाला होता. पण चार दिवसांचे आकडे मांडले तेव्हा बोअरचा पसारा पूर्वीपेक्षा मोठा निघाला. याचं कारण जुनं आणि ठाऊक आहे. चांगल्या मशीनचा बोअरही नगागणिक दोन-तीन मायक्रॉन इकडे-तिकडे होतोच. प्रत्येक हेलकाव्याला उलट दुरुस्ती दिली की आपण त्या हेलकाव्यात स्वतःचा हेलकावा मिसळतो. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी फनेलच्या प्रयोगातून नेमकं हेच दाखवलं: दर वेळी पूर्ण दुरुस्ती केली तर पसारा कमी होत नाही, सुमारे 1.4 पट होतो.

चूक परत होऊ नये म्हणून केलेली धडपड चुकीची शक्यता वाढवते, हे त्याला आकड्यांतून दिसलं, आणि आकड्यांतून दिसलं म्हणूनच पटलं. "एवढं घाबरू नको" असं आम्ही आठवडाभर सांगत होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मग रेषा आखून दिली. टॉलरन्सचा मधला अर्धा भाग, 42.006 ते 42.019. यात आकडा असेल तर हात लावायचा नाही. बाहेर गेला तर पुढचा नग मोजायचा, आणि तोही त्याच बाजूला बाहेर असेल तरच दुरुस्ती. मोजणी दर दहाव्या नगाला, आणि ऑफसेटनंतरचा नग. बाकी नगांना गेज लावायचा नाही, हे पाळणं त्याला सर्वांत जड गेलं. पहिल्या दिवशी त्याने बोअर गेज माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, जवळ असला तर हात जातो म्हणून.

कँटीनमध्ये त्याला "एकशे शहात्तर" म्हणायला लागले होते. याला मोठा उपाय नाही. एक वाक्य ठरवून ठेवायचं आणि दर वेळी तेच म्हणायचं. त्याचं वाक्य होतं, "हो, माझाच ऑफसेट होता, आता पद्धत बदललीय." दर वेळी नवं स्पष्टीकरण दिलं की लोकांना दर वेळी नवा विषय मिळतो. तेच वाक्य चौथ्यांदा ऐकलं की कंटाळतात. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर मात्र त्याच्याशी बोलेना. त्याचीही शरमच होती, फक्त तिचं तोंड रागाचं होतं. दोघांना एकत्र बसवायचा प्रयत्न आम्ही लवकर केला, तो फसला. नवी चेकशीट कशी असावी हे दोघांनी मिळून ठरवा म्हटल्यावर बोलणं सुरू झालं.

सगळ्यांचं असं तीन आठवड्यांत मार्गी लागत नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप तुटलेलीच असेल, जेवण जात नसेल, कामाच्या वाटेवरच छाती धडधडत असेल, तर वही आणि वर्तुळ पुरत नाहीत, डॉक्टर लागतो. ससूनमध्ये आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवड्यांची वाट बघायची नाही. टेलिमानसचा 14416 हा सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला, एकटा खोलीवर राहणारा पोरगा असेल तर पहिल्या संध्याकाळी त्याला एकटा सोडू नये. शॉपमधल्या कोणीतरी त्याच्यासोबत जेवावं. नुकसानीचा विषय त्या जेवणात काढायचा नाही.

आमच्या सेटरला डॉक्टर लागला नाही. चौथ्या आठवड्यात वहीत ओळी येईनाशा झाल्या, मग त्याने वहीच बंद केली. त्या 176 नगांपैकी एक त्याने मागून घेतला होता. तो आता नव्या मुलांना गेज शिकवताना वापरतो: गो लाव, गेली ना, आता उलटी बाजू लाव.

दुपारी दोन पन्नासला ऑफसेट द्यायची वेळ अजूनही कधीतरी येते. तेव्हा तो पुढचा नग निघेपर्यंत थांबतो, मोजतो, आकडा लिहितो आणि मगच हात धुवायला जातो. त्या अडीच मिनिटांपायी दोनदा त्याची बस चुकली आहे.